श्वासावर बांधलेले जिक्रगीत : दम कुठे घ्यायचा, नाव कुठे ठेवायचे

सूफी बुजुर्गांच्या तालमीत एक शब्द वारंवार येतो : पास-ए-अनफास. 'पास' म्हणजे राखण आणि 'अनफास' हे 'नफस' म्हणजे श्वास या शब्दाचे अनेकवचन. श्वासांची राखण करायची, एकही श्वास अल्लाहच्या नावाशिवाय आत येऊ द्यायचा नाही आणि एकही रिकामा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ. नक्शबंदी सिलसिल्यात हीच गोष्ट 'होश दर दम' म्हणजे 'दमादमाला जाग' या नावाने सांगितली जाते. जिभेने चालणारा जिक्र बोलताना, खाताना थांबतो. श्वास मात्र झोपेतही थांबत नाही, म्हणून बुजुर्गांनी नाव श्वासालाच जोडले.

हे नाव गीतात कसे बांधायचे, हा या लेखाचा विषय आहे. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात घरात उर्दू, बाजारात मराठी आणि शेजारी अहिराणी किंवा भिली, असे अनेक मुस्लिम कुटुंबांचे रोजचे चित्र आहे. मुलांना मराठीत गुणगुणता येईल असे साधे जिक्रगीत घरीच रचावे, असे अनेकांना वाटते. पण पहिल्या दोन ओळींतच एक अडचण उभी राहते, आणि ती शब्दांची नसून दमाची असते.

दख्खनच्या जात्यावरचा जिक्र

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. तापी नदी बुऱ्हाणपूरवरून वाहत आपल्या जिल्ह्यात येते आणि पुढे सुरतेकडे जाते. त्या बुऱ्हाणपूरला फारुकी सुलतानांनी खुलताबादचे चिश्ती बुजुर्ग हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब (रह.) यांचे नाव दिले. पुढे शत्तारी सिलसिल्याचे हजरत ईसा जुंदुल्लाह (रह.) यांच्यासारखे बुजुर्ग तिथे होऊन गेले. याच सिलसिल्यातले हजरत मुहम्मद गौस ग्वालियरी (रह.) यांनी सोळाव्या शतकात भरुचमध्ये 'बहर-उल-हयात' हा फारसी ग्रंथ तयार केला. त्यात योग्यांच्या श्वासाच्या पद्धती सूफी नजरेने समजावल्या आहेत. पश्चिमेला भरुच, पूर्वेला बुऱ्हाणपूर आणि मध्ये आपण, असा हा पट्टा आहे.

पण हे ग्रंथ जाणकारांसाठी होते. घराघरांत जिक्र पोहोचला तो गीतांमधून. विजापूरच्या चिश्ती बुजुर्गांच्या परंपरेत दखनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' नावाची गीते तयार झाली. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या 1978 च्या पुस्तकात त्यांची दखल घेतली आहे. बायका पहाटे दळताना आणि सूत कातताना ती म्हणत. जात्याच्या खुंट्याला त्यात अलिफची उपमा दिली जाते, म्हणजे हात ज्याला धरून फिरतो तोच अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर होतो. एका चरखानाम्यात तर श्वासांना सुताचे धागे मानून ते एकेक करून चोवीस हजारांपर्यंत मोजायला सांगितले आहे.

हा आकडा उगाच घेतलेला नाही. दिवसाची 1,440 मिनिटे धरली, तर 24,000 श्वास म्हणजे मिनिटाला साधारण 17 श्वास होतात. योगाच्या परंपरेत 21,600 हा आकडा येतो, म्हणजे मिनिटाला 15. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा श्वास आजच्या डॉक्टरांच्या हिशोबानेही मिनिटाला 12 ते 20 च्या दरम्यान असतो. म्हणजे जात्यावर बसलेल्या बाईच्या गीतातला हिशोब छातीच्या खऱ्या चालीवर बेतलेला होता.

मराठीतही या वाटेला आधार आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 1645 मध्ये 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. मुस्लिम घरात जन्मलेल्या माणसाने अध्यात्माची गोष्ट मराठी ओवीत सांगितल्याला पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यामुळे जिक्रगीतासाठी ओवी निवडली, तर ती उसनी ठरत नाही.

मूळ अडचण : आत घेतलेल्या श्वासावर गाता येत नाही

पास-ए-अनफासची एक प्रसिद्ध पद्धत अशी आहे की श्वास बाहेर सोडताना 'ला इलाहा' आणि आत घेताना 'इल्लल्लाह'. दुसऱ्या पद्धतीत श्वास घेताना 'अल्लाह' आणि सोडताना 'हू'. दोन्ही पद्धती मुळात मनातल्या आहेत. ओठ हलत नाहीत, आवाज निघत नाही.

गीत मात्र आवाजाने म्हटले जाते, आणि माणसाचा आवाज श्वास बाहेर जातानाच नीट निघतो. श्वास आत घेताना कुणी गाऊ लागले, तर सुस्काऱ्यासारखा आवाज येतो आणि घसा कोरडा पडतो. त्यामुळे श्वासावरच्या गीताला दोन भाग असतात. सोडलेल्या श्वासावर ओळ म्हणायची. पुढचा श्वास आत येतो तेवढ्या वेळात ओठ बंद ठेवायचे आणि ठरवलेले नाव मनात घ्यायचे. कागदावर फक्त पहिला भाग दिसतो. पण रचणाऱ्याने दुसऱ्या भागाला, त्या मुक्या जागेला, आधीच जागा सोडलेली असली पाहिजे. बहुतेक हौशी गीते इथेच फसतात. शब्द सुंदर असतात, पण दम घ्यायला जागाच नसते. मग म्हणणारा जिथे जमेल तिथे ओळ तोडतो.

आणि नको तिथे ओळ तोडणे ही आपल्याकडे लहान चूक नाही. तजवीद शिकलेल्या प्रत्येकाला 'वक्फ' म्हणजे थांबण्याचे नियम माहीत असतात. अर्थ उलटा होईल अशा ठिकाणी थांबणे याला 'वक्फ-ए-कबीह' म्हणतात. 'ला इलाहा' एवढेच म्हणून थांबले, तर त्याचा अर्थ 'कोणी माबूद नाही' एवढाच उरतो. 'इल्लल्लाह' म्हणजे 'अल्लाहशिवाय' हा भाग आला तरच कलमा पूर्ण होतो. मनातल्या जिक्रात दोन्ही भाग एकाच ध्यानात असतात, म्हणून तिथे श्वासाबरोबर विभागणी चालते. मोठ्याने म्हणताना पहिल्या भागानंतर दम घेतला, तर ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर अर्धाच कलमा पडतो. पाच वर्षांचे मूल जसे ऐकते तसेच पाठ करते.

यावर उपाय सोपा आहे. ला-इ-ला-हा-इल्-लल्-लाह मोजून पाहा, सात उच्चार होतात. मराठी अष्टाक्षरी चरणात आठ अक्षरे बसतात. म्हणजे संपूर्ण कलमा एका चरणात, एका श्वासात आरामात मावतो. गीतात कलमा घ्यायचाच असेल, तर तो असा अखंड घ्यावा आणि दम त्याच्या आधी किंवा नंतर घ्यावा.

नाव कोणते निवडावे

पहिल्यांदा गीत रचणाऱ्यांसाठी आम्ही 'या हय्यु' आणि 'या क़य्यूम' ही जोडी सुचवतो. अल-हय्य म्हणजे सदैव जिवंत असणारा. अल-क़य्यूम म्हणजे स्वतः कायम असणारा आणि सगळ्यांना सांभाळून ठेवणारा. आयतुल कुर्सीच्या सुरुवातीला ही दोन्ही नावे एकत्र येतात, म्हणून ती घरातल्या लहानथोरांना ठाऊक असतात. श्वास घेताना मनात 'या हय्यु' आणि सोडताना आवाजात 'या क़य्यूम' ही विभागणी आम्ही गीतासाठी केली आहे.

या जोडीचा मोठा फायदा म्हणजे तिचा प्रत्येक भाग स्वतःत पूर्ण आहे. दम कुठेही संपला, तरी अर्धवट किंवा उलटा अर्थ उरत नाही.

दुसरा फायदा आवाजाचा आहे. 'क़य्यूम' हे नाव 'म'वर मिटते. 'म' म्हणताना ओठ बंद होतात आणि उरलेली हवा नाकातून सावकाश जाते. ओठ बंद असल्यामुळे पुढचा श्वासही नाकातूनच, आवाज न करता आत येतो. 'हू'ने संपणारी ओळ ऐकायला गोड लागते, पण 'ह'च्या उच्चारात हवा भरभर निघून जाते. ज्याचा दम आधीच कमी आहे त्याला पुढच्या ओळीपर्यंत पोहोचणे जड जाते.

उच्चाराबाबत एक सावधगिरी हवी. 'हय्यु'मधला 'ह' घशातून येतो आणि 'क़य्यूम'मधला 'क़' जिभेच्या मुळाशी उमटतो. देवनागरीत हा फरक पूर्ण उतरत नाही. 'य्य'वरचा जोरही म्हणताना निसटतो आणि 'हयू', 'कयूम' असे ऐकू येऊ लागते. म्हणून गीत लिहिण्याआधी ही दोन नावे एखाद्या हाफिज साहेबांकडून ऐकून पक्की करून घ्यावीत. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे आपल्या जिल्ह्यात तजवीद शिकलेली माणसे सापडणे अवघड नाही.

आधी श्वास मोजा, मग शब्द

गीत कोण म्हणणार हे आधी ठरवावे आणि त्या माणसाचा दम मोजावा. त्यासाठी घड्याळ पुरते. माणूस शांत बसल्यावर त्याला मध्यम आवाजात, न ओढता 'आ' म्हणायला सांगावे आणि आवाज कापू लागेपर्यंतचे सेकंद मोजावेत. जेवढे सेकंद येतील त्याच्या निम्म्याहून कमी वेळात चरण संपला पाहिजे. दादीचा आवाज दहा सेकंद टिकत असेल, तर चरण चार-साडेचार सेकंदांचा ठेवावा. शेवटच्या थेंबापर्यंत दम वापरायला लावणारी ओळ पहिल्यांदा जमते आणि पाचव्यांदा मोडते.

सावकाश म्हणताना सेकंदाला साधारण दोन अक्षरे जातात. म्हणून आठ अक्षरांचा चरण चार सेकंदांत होतो. त्यानंतर श्वास आत घ्यायला दोन सेकंद सोडावेत. एकूण सहा सेकंद, म्हणजे मिनिटाला दहा श्वास. नेहमीच्या श्वासापेक्षा ही चाल थोडी संथ आहे, पण ओढाताण करणारी नाही. लहान मुलांचा श्वास मुळातच जलद चालतो. त्यांच्यासाठी तोच चरण 'चार अक्षरे, थोडा थांबा, चार अक्षरे' असा मधोमध तोडता यावा. त्यामुळे चौथ्या अक्षराशी शब्द पूर्ण झाला, तर उत्तम.

जात्यावरच्या ओवीची घडण इथे उपयोगी पडते. तिचे पहिले तीन चरण लांब आणि यमकाने जुळलेले असतात, चौथा आखूड असतो. त्या आखूड चरणात म्हणणारीला दम सावरायला वेळ मिळतो. आम्ही तो चौथा चरणच नावासाठी राखतो. 'या क़य्यूम' म्हणजे या-क़-य्यू-म, बरोबर चार अक्षरे.

एक गीत, सुरुवातीपासून

घरातल्या दादीने आणि नातवंडांनी फजरनंतर एकत्र म्हणावे, असे गीत रचायचे आहे असे समजू. मनात पहिली ओळ सहसा अशी येते :

तुझ्याच कृपेने माझा श्वास चालतो हा

अर्थ चांगला आहे. पण मोजली तर चौदा अक्षरे, म्हणजे सात सेकंद. दादीचा दम 'श्वास' या शब्दाशी संपतो आणि 'चालतो हा' दुसऱ्या श्वासात जाते. श्वासावरचे गीत नेमके 'श्वास' म्हणतानाच तुटते. ओळ लांबली, कारण एकाच वाक्यात कृपा, श्वास आणि चालणे या तीन गोष्टी कोंबल्या. श्वासगीतात एका चरणात एकच गोष्ट ठेवावी. श्वास येतो ही एक गोष्ट. श्वास जातो ही दुसरी. मधे क्षणभर थांबतो ही तिसरी. अशी मोडणी केली की ओवी आपोआप उभी राहते :

येतो श्वास, तूच देसी
जातो श्वास, तूच नेसी
मधल्या त्या थांब्यापाशी
या क़य्यूम

पहिले तीन चरण प्रत्येकी आठ अक्षरांचे आहेत आणि पहिले दोन चौथ्या अक्षराशी स्वच्छ तुटतात. 'येतो श्वास' म्हणून मुलाने दम घेतला, तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या चरणातही 'मधल्या त्या'नंतर जागा आहे. प्रत्येक चरणाच्या आधी श्वास आत घेताना ओठ बंद आणि मनात 'या हय्यु'. चौथा चरण चारच अक्षरांचा असला, तरी त्यालाही चार सेकंद द्यावेत आणि 'म' ओठांत विरू द्यावा.

दुसरे कडवे घरातून यावे. जिक्रगीतात नुसते मोठे मोठे शब्द आले, की मुले ते अर्थ न समजता पाठ करतात. पहाटेची भाकरी सगळ्यांना दिसते :

पहाटेच्या अंधारात
थाप पडे परातीत
दम तुझ्याच हातात
या क़य्यूम

भाकरी थापणारा हात आणि दम राखणारा हात एकमेकांशेजारी आले. चक्कीनाम्यांनी जात्याच्या खुंट्याबाबत केले तेच इथे परातीबाबत झाले.

तिसरे कडवे शेवटच्या श्वासाचे. श्वासाचे गीत त्याशिवाय पुरे होत नाही :

जेव्हा दम संपेल हा
शेवटीही ओठी राहा
माझ्याकडे तूच पाहा
या क़य्यूम

एका कडव्याला 24 सेकंद लागतात, तिन्ही कडव्यांना 72 सेकंद. पाच वेळा म्हटले, तर सहा मिनिटे होतात. घरच्या बैठकीला एवढे पुरे आहे.

गीत अहिराणीत हवे असेल, तर अक्षरांचा हिशोब मोडत नाही, कारण 'तुझा'चे 'तुना' होते तरी अक्षरे दोनच राहतात. दुसरे कडवे असे म्हणता येते :

पहाटना अंधारमा
थाप पडे परातमा
दम तुनाच हातमा
या क़य्यूम

इथे यमक मराठीपेक्षा जास्त पक्के बसले आहे. भाषा बदलताना फक्त चौथ्या चरणाला हात लावू नये. नाव जसे आहे तसेच राहते.

कुठे बिघडते आणि कसे ओळखायचे

गीत तयार झाले, की लागोपाठ पाच वेळा म्हणवून घ्यावे आणि म्हणणाऱ्याकडे पाहावे. दर चरणाआधी खांदे वर उचलले जात असतील, तर श्वासाला दिलेली जागा कमी आहे. तोंडाने हवा ओढल्याचा आवाज येत असेल, तर मागच्या ओळीने दम पूर्ण संपवला आहे. ओळीचे शेवटचे अक्षर ऐकू येईनासे झाले, तर चरण लांब आहे. या तिन्हींचे औषध एकच : चरणातला एक शब्द काढा किंवा चाल संथ न ठेवता थोडी जलद करा. 'जोर लावून म्हणा' हे औषध नाही.

याच्या उलट चूक बैठकीत होते. सगळे मिळून म्हणताना उत्साह वाढतो, चाल वाढते आणि प्रत्येक जण भरभर खोल श्वास घेऊ लागतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोके हलके होते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. काही जण याला कैफियत समजतात. हा शरीराचा साधा परिणाम आहे. मुंग्या आल्या, की म्हणणे थांबवावे आणि नेहमीसारखा श्वास घेत बसावे. थोड्या वेळात बरे वाटते. दमा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी श्वास रोखून धरण्याचा प्रयत्न करू नये. सूफी तालमीत 'हब्स-ए-दम' म्हणजे श्वास रोखण्याचा वेगळा अभ्यास आहे. तो मुर्शिदच्या देखरेखीखाली होतो, गीताचा त्याच्याशी संबंध नाही.

मोजणीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. श्वास मोजायचा तो गीत रचताना. म्हणताना मोजत बसले, तर मन सेकंदांत अडकते आणि नाव बाजूला राहते. चाल एकदा अंगवळणी पडली, की घड्याळ उचलून ठेवावे.

हद्द कुठे आहे

श्वासाला नाव जोडण्याच्या या पद्धतींबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. हदीसमध्ये आलेल्या शब्दांवर आणि तरीक्यावर थांबावे, असे काही सांगतात. सूफी बुजुर्ग ही पद्धत मन एकाग्र करण्याचे साधन मानतात, स्वतंत्र इबादत नव्हे. औरंगाबादचे चिश्ती बुजुर्ग हजरत निजामुद्दीन औरंगाबादी (रह.) यांनी 'निजाम-उल-कुलूब' हे पुस्तक जिक्रच्या पद्धतींवरच लिहिले. म्हणजे आपल्या मराठवाड्यातच हा विषय अठराव्या शतकात शिस्तीने मांडला गेला होता. आपल्या घरचा मसलक कोणता, हे पाहून ज्याने त्याने आपल्या आलिम साहेबांना विचारावे. ज्या घरात ही पद्धत मान्य नाही, तिथे वरचे गीत साधी हम्द म्हणून, श्वासाचा विचार न करता म्हणता येईल. शब्दांत त्यामुळे काही अडत नाही.

दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहावे. कुरआनच्या आयती अशा चालीत बांधू नयेत, तिलावतीचे नियम वेगळे आहेत. आणि नाव तोडून, नुसता शेवटचा आवाज धरून, त्याचा ताल करू नये. ताल जमतो, पण नाव उरत नाही.

तिसऱ्या कडव्यामुळे एक प्रश्न नक्की येईल : आजारी, अखेरच्या अवस्थेतल्या माणसाजवळ हे गीत म्हणावे का? तेव्हा गीत बाजूला ठेवावे. आपल्याकडे त्या वेळी तलकीनची रीत आहे. जवळ बसून, आग्रह न करता, हळू आवाजात पूर्ण कलमा म्हणायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला आठवण होते. पण जी दादी वर्षानुवर्षे हे गीत म्हणत आली असेल, तिच्याजवळ गीताचा मुका भाग तरी राहतो. आवाज गेला, चरण म्हणण्याएवढा दम उरला नाही, तरी श्वास आत येतोच, आणि त्या जागी 'या हय्यु' म्हणायला ओठ लागत नाहीत. गीत रचताना ही मुकी जागा मोकळी सोडलेली असली, तरच ती तेव्हा तिच्या कामी येते.